फ्लेक्सचा फोटो म्हणजे पोस्ट नव्हे: गावच्या कार्यक्रमाची जाहिरात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हिवाळा सुरू झाला की बेळगाव तालुक्यात एकामागून एक साहित्य संमेलने भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी अशा गावांनी ही रीत जपली आहे. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन, अध्यक्षीय भाषण, कथाकथन, दुपारी जेवण आणि शेवटी कविसंमेलन. आमच्या गावच्या संमेलनाची प्रसिद्धी काही वर्षे माझ्याकडे आहे. आजूबाजूच्या गावांतली, खानापूर भागातली आणि निपाणीकडची मंडळीही मला फोन करून विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरे एका जागी लिहून ठेवतो आहे. उदाहरण एकच घेतले आहे: रविवारी, १२ जानेवारीला भरणारे गावचे संमेलन.

एकच पोस्ट सगळीकडे टाकली तर बिघडते काय?

पहिल्या वर्षी मी तेच केले. फ्लेक्ससाठी केलेले आडवे चित्र व्हॉट्सॲपवर टाकले आणि तेच इन्स्टाग्रामवर. इन्स्टाग्रामने पुढे केलेली चौकोनी चौकट मी न बघता तशीच ठेवली. दहा फूट बाय सहा फुटांच्या चित्राला चौकोनी चौकट लावली की दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट जातात. तारीख डाव्या कोपऱ्यात होती. ‘रविवार दि. १’ एवढा भाग कापला गेला आणि ‘२ जानेवारी’ उरले. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या गावच्या एका मुलाने आईला फोन करून विचारले, ‘संमेलन गुरुवारी कसं काय ठेवलं?’ तोवर पोस्ट टाकून दोन दिवस झाले होते.

मजकुराचेही तसेच. व्हॉट्सॲपवर ठळक दिसावे म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी घालतो. तोच मजकूर फेसबुकवर चिकटवला की ठळकपणा जातो आणि चांदण्या तशाच उघड्या दिसतात. ‘लिंक बायोमध्ये आहे’ हे वाक्य इन्स्टाग्रामवर बरोबर, पण गल्लीच्या ग्रुपवर वाचणाऱ्याने बायो कुठे शोधायचा? माणूस एक क्षण अडतो आणि पुढे सरकतो. निमंत्रण तिथेच वाया जाते.

फ्लेक्सचे डिझाइन तयार असतेच. तेच का चालत नाही?

कारण फ्लेक्स लांबून बघायचा असतो आणि फोन हातात धरायचा. एकदा पट्टी घेऊन मोजा. दहा फूट म्हणजे सुमारे ३०५ सेंटीमीटर. फोनची पडदारुंदी साधारण ७ सेंटीमीटर. म्हणजे फ्लेक्सवरची प्रत्येक गोष्ट फोनवर सुमारे ४४ पट लहान होते. फ्लेक्सवर ‘ग्रंथदिंडी’ हा शब्द चार इंच उंचीचा असेल तर तो फोनवर सव्वादोन मिलिमीटरचा होतो. कसाबसा वाचता येईल. पण खालची स्वागताध्यक्षांची, देणगीदारांची नावे दोन इंचांची असतात. ती एक मिलिमीटरवर येतात. तिथे अनुस्वार दिसत नाही, पहिली वेलांटी की दुसरी ते कळत नाही, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच वाटतात. देवनागरीत रेघेच्या वर मात्रा आणि खाली उकार असतात, त्यामुळे आपली लिपी लहान आकारात लवकर मरते.

दुसरे कारण जागेचे. आडवा फ्लेक्स ७ सेंटीमीटर रुंद दिसला तर त्याची उंची सव्वाचार सेंटीमीटरच होते. त्याच फोनवर उभे चित्र पावणेनऊ सेंटीमीटर उंच बसते. रुंदी तीच, जागा दुपटीहून जास्त. ही जागा फुकट मिळते आणि आपण ती सोडून देतो.

मग प्रत्येक ठिकाणासाठी किती चित्रे करायची?

तीन मापे पुरतात. पाच-सहा करायला बसलात तर शेवटची दोन घाईत होतात आणि चूक नेमकी तिथेच राहते.

पहिले उभे, १०८० बाय १३५० पिक्सेल. हे फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, तिन्हीकडे चालते. चारही कडांलगतच्या ६० पिक्सेलच्या पट्टीत काहीही महत्त्वाचे ठेवू नका. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरची चौकट २०२५ पासून चौकोनी न राहता तीनास चार अशी उभी झाली आहे, आणि त्या चौकटीत या चित्राच्या दोन्ही बाजूंचे सुमारे ३४-३४ पिक्सेल झाकले जातात.

दुसरे पूर्ण पडद्याचे, १०८० बाय १९२०. हे इन्स्टाग्रामची स्टोरी आणि व्हॉट्सॲपचे स्टेटस यांसाठी. वरचे आणि खालचे सुमारे २५० पिक्सेल नुसते रंगाचे किंवा नक्षीचे ठेवा. तिथे नाव, उत्तर देण्याची पट्टी वगैरे येऊन बसते. स्टेटस चोवीस तासांत जाते, म्हणून त्यावर सगळा कार्यक्रम लिहू नका. ‘उद्या सकाळी साडेआठ, ग्रंथदिंडी, मारुती मंदिरापासून’ एवढे पुरे.

तिसरे आडवे, १२८० बाय ७२०. संमेलनाचे थेट प्रक्षेपण यूट्यूबवर असेल तरच हे लागते. यात उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हिडिओची वेळ उमटते, तो कोपरा मोकळा सोडा. अक्षरे चार-पाच शब्दांपेक्षा जास्त नकोत, कारण यूट्यूबच्या यादीत हे चित्र अंगठ्याएवढेच दिसते.

अक्षराचे मापही एकदा ठरवून टाका. १०८० पिक्सेल रुंदीचे चित्र ७ सेंटीमीटरच्या पडद्यावर दिसते, म्हणजे एक मिलिमीटरला साधारण १५ पिक्सेल. रेघेपासून खालपर्यंत अक्षर ४५ पिक्सेल, म्हणजे तीन मिलिमीटर असले की आमच्या गावातले सत्तरीचे वाचकही चष्म्याने ते वाचतात. हा माझा अनुभवाचा आकडा आहे. त्याहून लहान अक्षर करावे लागत असेल तर अक्षर लहान करू नका, मजकूर काढा.

मजकूर काढायचा म्हणजे कोणाचे नाव काढायचे? समिती ऐकत नाही.

खरी अडचण हीच आहे, मापांची नाही. स्वागताध्यक्ष, कार्याध्यक्ष, उद्घाटक, दीपप्रज्वलन करणारे, प्रतिमापूजन करणारे, जेवणाचे तांदूळ देणारे. प्रत्येकाने काहीतरी केलेले असते आणि नाव गाळले की मन दुखावते. त्यामुळे मी कोणाचेही नाव गाळत नाही, त्याची जागा बदलतो.

आमच्या समितीत आम्ही असे ठरवले. फ्लेक्सवर आणि छापील पत्रिकेत सगळी नावे. फोनवरच्या पहिल्या चित्रात संमेलन, वार-तारीख-वेळ, ठिकाण आणि अध्यक्षांचा एकच मोठा फोटो. इन्स्टाग्रामवर आणि फेसबुकवर पहिल्या चित्रामागे त्याच मापाची आणखी दोन चित्रे जोडतो: दुसऱ्यात दिवसभराचा कार्यक्रम, तिसऱ्यात सर्व मान्यवर आणि देणगीदार. शिवाय फेसबुकच्या मजकुरात प्रत्येकाचे नाव अक्षरी लिहितो. सुरुवातीला नाराजी होती. मी एका ज्येष्ठ देणगीदारांच्या घरी गेलो, त्यांच्याच फोनवर फ्लेक्सचे चित्र उघडले आणि म्हटले, ‘काका, यात तुमचं नाव दाखवा बघू.’ त्यांनी चित्र मोठे केले, सरकवले, पुन्हा मोठे केले, आणि म्हणाले, ‘दिसंना की रे.’ मग तिसरे चित्र दाखवले. त्यात त्यांचे नाव गावासकट ठळक होते. त्यांनी ते लगेच मुलीला पाठवले, ती लग्न होऊन गोव्यात असते.

डीटीपीवाल्याला नेमके काय सांगायचे?

तीन गोष्टी सांगा. पहिली, ‘फ्लेक्सची फाइल लहान करून देऊ नका, १०८० बाय १३५० चे नवे पान घेऊन त्यावर मांडा.’ दुसरी, ‘आरजीबीमध्ये द्या.’ आरजीबी म्हणजे पडद्याचे रंग, छपाईची फाइल सीएमवायके रंगांत असते. ती तशीच जेपीजी करून पाठवली तर भगवा कुठे मळकट दिसतो, कुठे डोळ्यांत खुपेल इतका भडक. एकाच चित्राचा रंग दोन फोनांवर अगदी वेगळा दिसला की हेच कारण समजा.

तिसरी गोष्ट मजकुराची. आपल्याकडे बरीच छपाई अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये होते. तिथला मजकूर कॉपी करून फोनवर चिकटवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. तो युनिकोडमध्ये बदलून घेता येतो, पण बदलल्यावर रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकलेली नाही ना, हे शब्दन् शब्द बघावे लागते. ‘कार्याध्यक्ष’ आणि ‘कविसंमेलन’ हे दोन शब्द आधी तपासा. मी उलट करतो: मजकूर आधी फोनवर युनिकोडमध्ये लिहितो, समितीकडून तपासून घेतो आणि मग तोच डीटीपीवाल्याला देतो. नावांच्या चुका त्यामुळे एकाच जागी सुधारतात.

व्हॉट्सॲपवर पाठवले की अक्षरे फुटतात. एचडी करून पाठवू का?

एचडीने थोडा फरक पडतो, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर चित्र जसेच्या तसे पोचते. पण डॉक्युमेंट ग्रुपवर फाइलसारखे दिसते, ते उघडण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. फुटण्याचे मूळ कारण दुसरे असते. फ्लेक्सची प्रचंड फाइल व्हॉट्सॲप लहान करते आणि बारीक अक्षरे त्यात जातात. १०८० बाय १३५० चे, मोठ्या अक्षरांचे चित्र साध्या दर्जातही नीट राहते.

एक रंगाची गोष्ट मात्र सांभाळा. जेपीजीत उजेड-अंधार बारकाईने साठवला जातो आणि रंग जाडाभरडा. म्हणून काळ्या किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीवरची लाल अक्षरे कडेने फिसकटतात आणि प्रत्येक फॉरवर्डनंतर सेव्ह करून पुन्हा पाठवली की आणखी फिसकटतात. फिकट पिवळ्यावर काळे किंवा गडद तांबड्यावर पांढरे घ्या, ते टिकते.

व्हॉट्सॲपचा मजकूर कसा असावा?

घरी जाऊन दिलेल्या आमंत्रणासारखा, पण कामाची गोष्ट पहिल्या दोन ओळींत. डेटा वाचवण्यासाठी अनेकांनी फोटो आपोआप उतरवणे बंद ठेवलेले असते. त्यांना चित्राच्या जागी धुरकट आकृती दिसते. चित्र न उघडताही मजकुरावरून येता आले पाहिजे. आम्ही पाठवला तो असा, फक्त गावाचे नाव इथे गाळले आहे:

```
*मराठी साहित्य संमेलन*
*रविवार, १२ जानेवारी, सकाळी ८.३०*
ग्रंथदिंडी मारुती मंदिरापासून निघेल.
१० वाजता उद्घाटन, शाळेच्या पटांगणात.
दुपारी जेवणाची सोय आहे.
सहकुटुंब या, शेजाऱ्यांनाही घेऊन या.
```

चांदणी आणि अक्षर यांच्यात मोकळी जागा सोडली तर ठळक होत नाही, एवढे बघा. आणि उलटही लक्षात ठेवा: लोक चित्र सेव्ह करून नुसतेच स्टेटसला लावतात, तेव्हा मजकूर मागे राहतो. म्हणून वार, तारीख, वेळ आणि गाव या चार गोष्टी चित्रातही हव्यात आणि मजकुरातही.

एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड होतो, आणि खूप वेळा फिरलेला असेल तर एकाच ठिकाणी. त्यामुळे मी फॉरवर्ड करत नाही. गल्लीच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर, शिक्षकांच्या ग्रुपवर स्वतंत्र पाठवतो आणि शेवटची एक ओळ बदलतो. महिला मंडळाला ‘दिंडीत कळशी घेऊन येणाऱ्यांनी आठ वाजता जमावे’, शिक्षकांना ‘विद्यार्थ्यांसाठी पुढच्या रांगा राखल्या आहेत’. त्या एका ओळीने निमंत्रण आपल्याला आहे असे वाटते.

तोच मजकूर फेसबुकवर का नको?

फेसबुकवर आमचे वाचक वेगळे आहेत. गाव सोडून कोल्हापूर, पुणे, मुंबई, गोव्याला गेलेले, चाळिशी-पन्नाशीचे लोक. त्यांतले बहुतेक येऊ शकत नाहीत, पण त्यांना गावाशी बोलायचे असते. तिथे मी पाच-सात वाक्यांची गोष्ट लिहितो. गेल्या खेपेला शाळेच्या जुन्या इमारतीचा फोटो जोडून लिहिले की याच पटांगणात पहिल्या संमेलनाचा मांडव वेळूचा होता आणि गावातल्या प्रत्येक घरातून दहा-दहा भाकऱ्या आल्या होत्या. खाली लोकांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या, आणि दोघांनी पुस्तकांसाठी देणगी विचारली. फेसबुकवर मजकुरातली लिंक दाबता येते, म्हणून प्रक्षेपणाची लिंक इथेच द्या. इन्स्टाग्रामची पोस्ट आपोआप फेसबुकवर जाण्याची सोय असते, ती मी बंद ठेवली आहे.

इन्स्टाग्रामवर आमची भाषा फार जड वाटते का?

‘सर्व रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी’ हे वाक्य पत्रिकेत छान आहे. इन्स्टाग्रामवर मात्र मजकुराच्या पहिल्या ओळीनंतर ‘आणखी’ येते, आणि ती ओळ या वाक्यात खर्ची पडली तर तारीख दिसतच नाही. मी तिथे गावच्या बोलीत लिहितो: ‘दिंडी साडेआठला निघणार हाय. येणार न्हवं?’ खालच्या ओळीत साध्या भाषेत पूर्ण माहिती. कॉलेजची मुले बोलीतल्या ओळीला उत्तर देतात, प्रमाण भाषेतल्या सूचनेला देत नाहीत. पण बोली आपल्या गावची आणि आपल्याच तोंडची असावी. दुसऱ्या भागातल्या मालिकेत ऐकलेली ‘गावरान’ भाषा आणू नका, मुलांना ती लगेच कळते. श्रद्धांजलीच्या पोस्टला बोली वापरू नका.

इथे मजकुरातली लिंक दाबता येत नाही. लिंक प्रोफाइलमध्ये ठेवा किंवा स्टोरीवर लिंकचे स्टिकर लावा.

एक्सवर मराठी मजकूर मावतच नाही. का?

मोफत खात्याला २८० खुणा मिळतात आणि तिथे मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जाते. ‘ग्रंथदिंडी’ डोळ्यांना चार अक्षरे दिसते, मोजणीत दहा होते. लिंक कितीही लांब असो, २३ मोजली जाते. एक बातमीसारखे वाक्य, तारीख आणि लिंक, बस्स. आमचे गाववाले तिथे फारसे नाहीत, पत्रकार आहेत, म्हणून मी तिथे बातमीच्याच भाषेत लिहितो.

कन्नडमध्येही द्यावे का?

द्यावे, असे माझे ठाम मत आहे. शेजारी कन्नड बोलणारे आहेत, ते दिंडी बघायला येतात. शिवाय घरात मराठी बोलणारी पण शाळा कन्नड माध्यमात झालेली मुले आपल्याच गावात आहेत. बोललेले त्यांना सगळे कळते, पण वाचायला कन्नड सोपे जाते.

मात्र दोन्ही लिपी एकाच चित्रात कोंबल्या की दोन्हींची अक्षरे अर्धी होतात आणि ४५ पिक्सेलचा हिशेब मोडतो. त्यापेक्षा कन्नडचे वेगळे चित्र करा. व्हॉट्सॲपवर ते त्या त्या ग्रुपला स्वतंत्र पाठवा, इन्स्टाग्रामवर शेवटचे चित्र म्हणून जोडा. कन्नड मजकूर मी आमच्या शाळेतल्या कन्नडच्या शिक्षकांकडून लिहून घेतो, मराठीचे शब्दशः भाषांतर करून नाही. त्यांनी पहिल्याच खेपेला ‘संमेलन’ शब्द तसाच ठेवून आमंत्रणाची सगळी वाक्ये बदलली, कारण कन्नडमध्ये घरच्या बोलावण्याची रीतच निराळी आहे.

संपर्कासाठी फोन नंबर कुठे द्यायचा?

व्हॉट्सॲपच्या गावच्या ग्रुपवर मजकुरात द्या, म्हणजे दाबून फोन लावता येतो. चित्रातला नंबर टिपून घ्यावा लागतो. इन्स्टाग्राम आणि एक्स ही उघडी जागा आहे, तिथे महिला कार्यकर्त्यांचे खासगी नंबर अजिबात टाकू नका. आमच्या एका ताईंना त्यामुळे आठवडाभर नको ते फोन आले होते. तेव्हापासून उघड्या ठिकाणी ‘मेसेज करा’ एवढेच लिहितो.

टाकल्यावर चूक दिसली तर?

व्हॉट्सॲपवरचा मजकूर पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. त्यानंतर सर्वांसाठी काढून पुन्हा टाका, पण तोवर झालेले फॉरवर्ड परत येत नाहीत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर मजकूर नंतरही सुधारता येतो. चित्रातली चूक मात्र इन्स्टाग्रामवर सुधारत नाही, पोस्ट काढून नवीनच टाकावी लागते आणि तिच्याखालची उत्तरे जातात. म्हणून वेळ बदलण्याची शक्यता असलेली गोष्ट, जसे पाहुण्यांचे भाषण किती वाजता, मी चित्रात लिहीत नाही, मजकुरातच ठेवतो.

आणि टाकण्याआधी चित्र संगणकावर नव्हे, फोनवर बघा, तेही दुसऱ्याच्या. मी रात्री ते आईच्या फोनवर पाठवतो. तिचा पडदा लहान आहे आणि वर तडा गेला आहे. तिने न विचारता तारीख आणि वेळ वाचून दाखवली की सकाळी ग्रुपवर टाकतो.